एकच राइड, तीन वेगळे चढ: म्हैसमाळच्या जीपीएक्समधून उंचीचा आलेख नीट कसा काढायचा?

पैठणगेट_पॅडल (रविवार, रात्री ९:१०)

आज सकाळी आम्ही तिघं म्हैसमाळला जाऊन आलो. क्रांती चौक, दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ आणि त्याच रस्त्याने परत. ७८ किलोमीटर झाले. ५:४० ला निघालो, ११:२८ ला परत चौकात. वेशीपासून वरपर्यंत तिघं सोबतच होतो, म्हणजे रस्ता एकच आणि वेळही एकच.

घरी येऊन आकडे बघितले तर माझ्या मोबाईलच्या अ‍ॅपने एकूण चढ १,४०६ मीटर दाखवला. चकोरीताईंच्या घड्याळाने ८१२ मीटर. माझीच फाइल एका वेबसाइटवर चढवली तर तिथे ९३४. आमच्या ग्रुपमध्ये महिन्याच्या चढाचा तक्ता ठेवतो, त्यात कोणता आकडा लिहायचा यावरून आता वाद चालू आहे. माझं म्हणणं एवढंच की आकडा मला स्वतः काढता आला पाहिजे. जीपीएक्स उघडून बघितली, आत प्रत्येक `trkpt` मध्ये अक्षांश, रेखांश, `ele` आणि वेळ आहे. त्यावरून आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. हे दात कसे घालवायचे?

शिवाय सुरुवातीला क्रांती चौकात `ele` ५०१ आहे. आपलं शहर तर साडेपाचशेच्या वर आहे ना?

हिरवं_हेल्मेट (९:३२)

सोपं आहे. त्या वेबसाइटवर उंची दुरुस्त करायचं बटण असतं, ते दाबा. ती मोबाईलची उंची टाकून देते आणि नासाने अंतराळातून मोजलेल्या नकाशातली उंची घेते. तो ९३४ खरा. मोबाईलच्या जीपीएसची उंची कधीच धरू नये.

लातूर_पायथन (९:५०)

मी माझ्या फाइलींसाठी सरकती सरासरी वापरतो. दोन ओळींचं काम आहे:

```python
k = 21
z = np.convolve(z, np.ones(k)/k, "same")
```

दात लगेच जातात. दादा, करून बघा.

पैठणगेट_पॅडल (१०:४१)

केलं. मधला भाग सुंदर गुळगुळीत झाला. पण आता आलेख क्रांती चौकात एकदम खोल दरीतून सुरू होतो आणि शेवटी पुन्हा दरीत पडतो. चौकात दरी कुठून आली? आणि एकूण चढ मला वाटला तेवढा कमीही झाला नाही.

सर्वे_नाना (सोमवार, सकाळी ६:०५)

पैठणगेट, फाइल मला पाठवलीत ते बरं केलं. नोकरीभर लेव्हलिंगची कामं केली, त्यामुळे उंचीच्या चुकांशी जुनी ओळख आहे. एकेक घेतो.

आधी दरी. लातूरकरांच्या ओळीत `"same"` आहे. फाइलीच्या पहिल्या बिंदूवर सरासरी काढायला २१ बिंदू हवेत, पण त्याच्या अलीकडे काहीच नाही. तिथे ती ओळ शून्य धरते. म्हणजे ११ खरे बिंदू आणि १० शून्यं, भागिले २१. उंची ५६५ असेल तर पहिल्या बिंदूला २९६ येते. मग पहिल्या दहा बिंदूंत ती २९६ वरून ५६५ वर चढते आणि तुमच्या एकूण चढात २६९ मीटर फुकटचे येतात. चूक ओळखायची खूण हीच: दरी फक्त दोन टोकांना दिसते आणि टोकाची उंची खऱ्याच्या साधारण निम्मी असते. टोकाला शून्याऐवजी शेवटचाच बिंदू पुन्हा पुन्हा धरला की दरी जाते.

आता ५०१. मोबाईलच्या चिपला कळते ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासूनची उंची. आपण बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची. या दोन पृष्ठभागांत महाराष्ट्रात साठ-सत्तर मीटरचा फरक आहे आणि आपल्याकडे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग खाली आहे, म्हणून अंडाकृतीवरून मोजलेली उंची कमी येते. काही अ‍ॅप हा फरक भरून काढतात, काही काढत नाहीत. तुमचं काढत नाही. पण पूर्ण रस्ताभर हा फरक जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे सगळ्या फाइलीत ६४ मिळवा आणि विसरा. चढाच्या बेरजेला त्याने काहीही होत नाही. खात्री करायची असेल तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीशेजारी पाच मिनिटं मोबाईल ठेवा. पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते.

दातांबद्दल दुपारी लिहितो, ते मोठं आहे.

अंबडकर (सकाळी ८:२०)

नाना, मधेच विचारायलो, राग मानू नका. माझ्या विहिरीपासून वरच्या टाकीपर्यंत किती चढ आहे ते मोबाईल घेऊन चालत गेलं तर कळंल का? ठिबकसाठी मोटर घ्यायची आहे. दोनदा चाललो, एकदा ३ मीटर आलं आणि एकदा ११. कामून असं होतं?

सर्वे_नाना (८:४४)

राग कसला. पण हा धागा सायकलच्या लांब चढाचा आहे. तुमच्या कामाला मोबाईल चालणार नाही. थोड्या वेळात त्याची उंची पाच-दहा मीटर सहज इकडेतिकडे होते आणि तुम्हाला मोजायचं आहे तेच तेवढं आहे. गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी घ्या, टप्प्याटप्प्याने दोन काठ्यांवर पातळी धरत वर जा. पन्नास-शंभर मीटर अंतराला अर्धा दिवस लागेल, पण आकडा बोटाच्या जाडीइतका अचूक येईल. मोटर निवडताना त्यात पाइपातलं घर्षण आणि ठिबकला लागणारा दाब वेगळा धरा.

अंबडकर (८:५१)

हाव, नळी आहे घरी. मोकळं झालं काम.

सर्वे_नाना (दुपारी २:१५)

आता दात.

पैठणगेट, तुमच्या फाइलीत २०,९०० बिंदू आहेत, सेकंदाला एक. एकूण चढ म्हणजे अ‍ॅप काय करतं, तर मागच्या सेकंदापेक्षा उंची वाढली की ती वाढ बेरजेत घालतं. उतरली तर ते उतारात जातं, चढातून वजा होत नाही. म्हणजे उंची नुसती जागच्या जागी थरथरली तरी प्रत्येक वरचा थरकाप चढ म्हणून जमा होतो. बिंदू जितके जास्त, तितका खोटा चढ जास्त.

हे तुमच्याच फाइलीत स्वच्छ दिसतं. खुलताबादला नाश्ता, वर म्हैसमाळला बसलात आणि येताना दौलताबादच्या दरवाजाजवळ गाड्यांच्या कोंडीत अडकलात. हे सगळे थांबे मिळून ४,७०० सेकंद. या वेळात सायकल हललीच नाही, तरी नुसत्या थांब्यांमध्ये ३१० मीटर चढ जमा झाला. सेकंदाला सरासरी साडेसहा सेंटीमीटर. पोहे खाताना तुम्ही दौलताबादच्या किल्ल्यापेक्षा उंच चढलात.

म्हणून गाळायच्या आधी पहिलं काम: वेळेचा हिशेब सोडून अंतराचा धरायचा. मागच्या ठेवलेल्या बिंदूपासून किमान ५ मीटर पुढे गेलो तरच नवा बिंदू ठेवायचा. मग दर १० मीटरला एक अशी उंची काढायची. थांबे आपोआप गळतात. शिवाय घाटात सायकल हळू चालते तिथे बिंदू दाट आणि उतारावर विरळ, हा असमतोलही जातो. सेकंदांवर सरासरी काढली तर घाटात ती ५० मीटरची होते आणि उतारावर ३०० मीटरची. एकाच आलेखात दोन मापं.

त्यानंतर दोन गाळण्या. पहिली मध्यकाची, पाच बिंदूंची. एखादा बिंदू झाडाखाली किंवा कमानीखाली वीस मीटर उडाला असेल तर सरासरी त्याला शेजाऱ्यांत पसरवते, मध्यक त्याला उचलून टाकतो. दुसरी सावित्स्की-गोले. ती प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या बिंदूंतून छोटा वक्र बसवते, त्यामुळे घाटमाथा सरासरीइतका बोथट होत नाही.

```python
import gpxpy, numpy as np
from scipy.ndimage import median_filter
from scipy.signal import savgol_filter

g = gpxpy.parse(open("mhaismal.gpx"))
p = [q for t in g.tracks for s in t.segments
       for q in s.points if q.elevation is not None]
keep, d = [p[0]], [0.0]
for q in p[1:]:
    m = q.distance_2d(keep[-1])
    if m >= 5:
        keep.append(q)
        d.append(d[-1] + m)
x = np.arange(0, d[-1], 10)
z = np.interp(x, d, [q.elevation for q in keep])
z = median_filter(z, size=5, mode="nearest")
z = savgol_filter(z, 21, 2)
```

तुमच्या फाइलीवर आकडे असे आले. कच्ची बेरीज १,४०६. थांबे काढल्यावर १,०९६. दर १० मीटर आणि मध्यक झाल्यावर ९६०. शेवटच्या गाळणीनंतर ८५६. वर आणखी एक अट घातली, की निदान ५ मीटर सलग चढ झाल्याशिवाय मोजायचाच नाही, तर ८१५.

पैठणगेट_पॅडल (सायंकाळी ६:३०)

नाना, चालवलं आणि तेच आकडे आले! म्हणजे माझा ८१५ आणि ताईंच्या घड्याळाचा ८१२. जुळलं. तक्त्यात हेच लिहितो.

हिरवं_हेल्मेट (६:४८)

मग नासाचा ९३४ कशामुळे? त्यात जीपीएसची थरथर नाहीच. मोबाईल काहीही म्हणो, डोंगर तर जागचा हलत नाही.

सर्वे_नाना (७:२०)

हेल्मेट, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. क्रांती चौक ते दौलताबाद या सपाटीवर मी तोच नकाशा लावून बघितला, तिथे तो मोबाईलपेक्षा नक्की चांगला. जालना, परभणी, लातूर अशा रस्त्यांना मीही तोच लावीन.

घाटात मात्र बिघडतं. ही उंची फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेली आहे. तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. घाटाचा रस्ता सात-आठ मीटर रुंद, एका बाजूला कापलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. एका चौकोनात कडा, रस्ता, दरी सगळं आलं आणि त्याची एकच उंची झाली. वर तुमचा जीपीएस दहा मीटर आडवा सरकला की चौकोनच बदलतो. दौलताबादच्या घाटात एका वळणावर त्या वेबसाइटच्या आलेखात १४ मीटरचा उंचवटा आहे आणि लगेच तेवढाच उतार. तिथे सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा, घाट चढताना मधे उतार लागतच नाही. डोंगर हलत नाही हे खरं, पण तुमचा बिंदू डोंगरावर आडवा हलतो.

स्वतः करून बघणार असाल तर एक सांगतो. आपला हा रस्ता खुलताबादच्या आसपास २० अक्षांश ओलांडतो, म्हणून `N19E075.hgt` आणि `N20E075.hgt` अशा दोन फाइली लागतात. एकच घेतली तर उरलेला रस्ता रिकामा येतो.

चकोरी (रात्री ८:०५)

मी त्या राइडमधली घड्याळवाली. माझं घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं, म्हणून ते अचूक असा माझा समज होता. पण आत्ता फाइल उघडली तर चौकातून निघताना ५६५ आहे आणि त्याच चौकात परत आल्यावर ५४३. चढ ८१२, उतार ८३४. चौक २२ मीटर खचला नाही ना! मागच्या महिन्यात पैठणला ९ ते ३ गेले होते, तेव्हा उलट २५ मीटर जास्त दाखवत होतं. सेन्सर खराब झाला का? पावसाळ्यात एकदा त्याच्या छिद्रात पाणी गेलं होतं.

सर्वे_नाना (८:४०)

ताई, सेन्सर ठणठणीत आहे, उलट फार चांगला आहे. त्याने हवेची भरती-ओहोटी पकडली.

आपल्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा वर जातो आणि दोनदा खाली. पहाटे चारच्या सुमारास कमी, सकाळी दहाला जास्त, दुपारी चारला पुन्हा कमी, रात्री दहाला पुन्हा जास्त. सकाळच्या चढण्यात दोन-तीन मिलीबारचा फरक पडतो. आपल्या उंचीवर एक मिलीबार म्हणजे नऊएक मीटर. २२ मीटर म्हणजे अडीच मिलीबारच्या आत, अगदी बसतं. दाब वाढला की घड्याळाला वाटतं आपण खाली आलो. म्हणून पहाटे निघून दहा-अकराला परतलं की चौक खाली दिसतो, आणि ९ ते ३ गेलं की वर. तुमच्या दोन्ही राइड हेच सांगतात. छिद्रात पाणी गेलं असतं तर उंची अशी हळूहळू सरकली नसती, मधेच अडकून बसली असती किंवा उड्या मारल्या असत्या.

दुरुस्ती वेळेवर करायची, अंतरावर नाही, कारण दाब तुमच्या चाकांबरोबर बदलत नाही, घड्याळाबरोबर बदलतो. बिंदू गाळायच्या आधी हे करा. `t` म्हणजे निघाल्यापासूनचे सेकंद:

```python
z = z - (z[-1] - z[0]) * t / t[-1]
```

तुमची फाइल अशी दुरुस्त केली तर चढ आणि उतार दोन्ही ८२२ च्या आसपास यायला हवेत. ते सारखे आले हीच पहिली तपासणी. दुसरी तपासणी आणखी चांगली आहे: जाताना आणि येताना रस्ता तोच होता, म्हणून परतीचा आलेख उलटा करून जातानाच्या आलेखावर ठेवा. जिथे दोन रेघा फाटतात तिथे अजून चूक शिल्लक आहे.

चकोरी (९:५५)

दोन्ही ८२२ आले. जाताना-येतानाच्या रेघा खुलताबादजवळ मात्र ८ मीटरने फाटतात, बाकी जुळतात. पण नाना, म्हैसमाळच्या वरच्या ठिकाणी माझी उंची दुरुस्तीनंतरही १,०२२ आहे. पैठणगेटच्या मोबाईलमध्ये ६४ मिळवल्यावर तीच जागा १,०४९ येते. सत्तावीस मीटर कुठे गेले?

लातूर_पायथन (१०:१०)

खिडकी मोठी घेतली असेल, माथा कापला गेला असेल. मी ५१ बिंदूंची घेतो, माझंही असंच होतं.

सर्वे_नाना (मंगळवार, सकाळी ५:५०)

लातूरकर, शंका योग्य आहे आणि ती तपासता येते. कच्च्या उंचीतून गुळगुळीत उंची वजा करा आणि उरलेलं अंतरावर मांडा. उरलेलं शून्याच्या वरखाली विस्कटलेलं असेल तर फक्त थरथर गेली. घाटाच्या पायथ्याशी सलग खाली आणि माथ्याशी सलग वर असा आकार दिसला तर तुम्ही रस्ताच घासला. तुमच्या ५१ ने, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या खिडकीने, छोटे तीव्र टप्पे नक्कीच घासले जातात. पण ताईंच्या फाइलीत मी बघितलं, ते कारण नाही. माथ्यावर त्या अर्धा तास बसल्या होत्या आणि फक्त वेळेची दुरुस्ती केलेल्या, न गाळलेल्या फाइलीतही १,०२२ च आहे.

मला दिसणारं कारण तापमान. दाबावरून उंची काढताना घड्याळ एक ठरावीक प्रमाण हवा धरतं. तिच्यात आठशे मीटर उंचीला तापमान साधारण दहा अंश असतं. परवा सकाळी चढताना हवा अठ्ठावीसच्या आसपास होती. गरम हवा विरळ, म्हणून तेवढ्याच दाबफरकाला जास्त मीटर चढावे लागतात. प्रमाण ३०१ भागिले २८३, म्हणजे सहा टक्के. ताईंच्या घड्याळाने चौकापासून माथा ४५७ मीटर मोजला. त्याला सहा टक्के वाढवलं की ४८५ च्या जवळ येतं आणि माथा १,०५०.

पैठणगेट_पॅडल (७:१५)

थांबा नाना. मग ताईंचा एकूण चढही सहा टक्के वाढणार. ८२२ चे ८७० च्या वर जातील. आणि माझा तर ८१५ आहे. मग काल जे जुळलं ते?

सर्वे_नाना (७:४०)

योगायोग होता. मीही काल ते मान्य करून बसलो होतो. घड्याळ गरम हवेमुळे कमी दाखवत होतं आणि तुमच्या ८१५ मध्ये ५ मीटरच्या अटीने छोटे चढ खाल्ले होते. दोघे वेगवेगळ्या कारणांनी कमी होते म्हणून जवळ दिसले. अट काढली तर तुमचे ८५६, ताईंचे ८७४. मला ही जोडी जास्त पटते.

हिरवं_हेल्मेट (८:०२)

पण अट काढली की थरथरही थोडी उरत असेल ना? ८५६ मध्ये खोटे मीटर नाहीत कशावरून?

सर्वे_नाना (८:२५)

असणारच थोडे. परतीच्या रेघेशी ताडून बघितलं तर सपाटीवर काही ठिकाणी दोन-तीन मीटरच्या लाटा आहेत, त्या जाताना आहेत आणि येताना नाहीत. त्या खोट्या. किती ते एका राइडवरून सांगणार नाही. दाबाच्या फाइलीला २-३ मीटरची अट पुरते, मोबाईलच्या फाइलीला ५ जास्तच होते का हे अजून बघायचं आहे.

चकोरी (९:१०)

तोवर तक्त्यात मी मीटरसमोर कंसात लिहायला सुरुवात करते: दाब की जीपीएस, खिडकी किती, अट किती. येत्या रविवारी पुन्हा म्हैसमाळ. मी निघताना, खुलताबादला आणि माथ्यावर तापमान लिहून ठेवीन. खुलताबादच्या त्या ८ मीटरसाठी जाताना आणि येताना एकाच दुकानासमोर दोन मिनिटं थांबू.

पैठणगेट_पॅडल (९:२२)

मी निघायच्या आधी स्टेशनच्या पाटीजवळ मोबाईल ठेवून येतो. ५:१५ ला, कुणी येणार असेल तर सांगा.